टिपेत ठेवलेली जमीन

मे महिन्यात नागपुरात लेखापरीक्षणाला कुठे जायचं म्हटलं की मी आधी तिथला कूलर चालतो का ते विचारतो. सिव्हिल लाइन्समधल्या त्या कार्यालयात चालत होता. त्याच्या वाऱ्याने टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून लेखाधिकाऱ्यांनी त्यांच्यावर कुलपं, स्टेपलर, पाण्याचा पेला असं हाताला येईल ते ठेवलं होतं. त्यातला एक कागद न्यायालयीन प्रकरणांच्या यादीचा होता. त्यात रकाने होते गावाचं नाव, प्रकरण क्रमांक, जमीनधारक, न्यायालयाने जमिनीच्या मोबदल्यात दिलेली वाढ आणि शेरा. शेऱ्याच्या रकान्यात पहिल्या ओळीत ‘उच्च न्यायालयात अपील प्रलंबित’ असं लिहिलं होतं आणि खाली पान संपेपर्यंत फक्त ‘-”-’ अशा खुणा होत्या.

मी विचारलं, “यातल्या कशाचीच तरतूद नाही?”

“सर, अपील केलंय ना,” ते म्हणाले. “मग देणं कसलं? निकाल लागू द्या, करून टाकू.”

त्या कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही. हे उत्तर मी एकाच ठिकाणी ऐकलेलं नाही, आणि देणारी माणसं लबाड नसतात. त्यांना खरंच असं वाटतं की अपील दाखल झालं की देणं ताळेबंदातून उठतं आणि मागच्या टिपांमध्ये जाऊन बसतं. माझं म्हणणं असं की भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याच्या बाबतीत ही समजूत चुकीची आहे. ती चुकीची का, हे दाखवायला लेखामानकाच्या दोन-चार ओळी आणि एका शेताचा हिशोब पुरतो.

आधी त्या ओळी. आपल्याकडे कंपन्यांना एकतर एएस 29 लागू असतं, नाहीतर, कंपनी मोठी किंवा शेअर बाजारात नोंदलेली असेल तर, इंड एएस 37. दोन्हींत तपशिलाचे फरक आहेत, पण गाभा एकच आहे. पूर्वी घडून गेलेल्या एखाद्या घटनेमुळे आज आपल्यावर बंधन आलेलं असेल, ते फेडायला पैसे जाण्याची शक्यता न जाण्यापेक्षा जास्त असेल, आणि रकमेचा विश्वासार्ह अंदाज बांधता येत असेल, तर ती रक्कम पुस्तकात घ्यायची. तिला तरतूद म्हणतात. ती ताळेबंदात देणी म्हणून दिसते. बंधन आहे की नाही हेच धूसर असेल, किंवा बंधन असूनही पैसे जाण्याची शक्यता निम्म्यापेक्षा कमी असेल, किंवा अंदाजच बांधता येत नसेल, तर ते संभाव्य दायित्व. ते पुस्तकात येत नाही, त्याची फक्त टीप द्यायची. आणि शक्यता अगदीच दुरापास्त असेल तर टीपही नको.

मानकाच्या परिशिष्टात कोर्टकज्ज्याचं एक उदाहरण आहे. लग्नाच्या जेवणानंतर दहा माणसं दगावतात आणि खाद्यपदार्थ विकणाऱ्या कंपनीवर दावा होतो. पहिल्या वर्षी वकील सांगतात, बहुधा आपण जबाबदार ठरणार नाही. तेव्हा फक्त टीप. दुसऱ्या वर्षी प्रकरण पुढे सरकतं, वकील सांगतात, आता बहुधा ठरू. तेव्हा तरतूद. उदाहरण चांगलं आहे, पण त्याने एक घोटाळा करून ठेवला आहे. ते वाचून लोकांच्या डोक्यात बसतं की दावा म्हटला की आधी टीप, मग शेवटी कधीतरी तरतूद, आणि हा प्रवास वकिलाच्या पत्राने ठरतो. त्या उदाहरणात मुळात कंपनीचा दोष होता का, अन्न तिचंच बाधलं का, हाच प्रश्न होता. म्हणजे बंधनाचंच नक्की नव्हतं.

शेताच्या प्रकरणात तसं काय आहे? जमीन घेतलेली आहे. ताबा घेतलेला आहे. तिच्यावर कालवा, खाण किंवा रस्ता झालेला आहे आणि सातबाऱ्यावरचं नाव कधीच बदललं आहे. 1894 च्या भूसंपादन कायद्याने मालकाला बाजारभाव मिळण्याचा हक्क दिला होता. तो बाजारभाव म्हणजे भूसंपादन अधिकाऱ्याने निवाड्यात लिहिलेला आकडा नव्हे. तो आकडा म्हणजे सरकारने देऊ केलेली रक्कम. पटली नाही तर कलम 18 खाली प्रकरण दिवाणी न्यायालयाकडे जायचं आणि बाजारभाव न्यायालय ठरवायचं. म्हणजे बंधन निर्माण करणारी घटना ताब्याच्या दिवशीच घडून गेली. अपिलात वाद आहे तो किती द्यायचं याचा. द्यायचं की नाही याचा नाही. मानकाच्या भाषेत हा रकमेच्या अंदाजाचा प्रश्न झाला, आणि रक्कम नक्की नसणं हे तरतूद टाळायचं कारण होत नाही. तरतूद या शब्दाची व्याख्याच मुळी ‘अंदाजानेच मोजता येईल असं देणं’ अशी आहे. रक्कम पक्की ठाऊक असती तर तिला आपण सरळ देणी म्हटलं असतं.

आता हिशोब. आकडे मी सोपे करून घेतो. 2 हेक्टर कोरडवाहू शेत. कलम 4 ची, म्हणजे जमीन घ्यायची आहे असं जाहीर करणारी, अधिसूचना 1 एप्रिल 2004 ची. निवाडा आणि ताबा 1 एप्रिल 2006 ला. अधिकाऱ्याने हेक्टरी 1 लाख रुपये दिले. शेतकरी न्यायालयात गेला, दहा वर्षं हेलपाटे घातले आणि 2016 च्या मार्चअखेर न्यायालयाने भाव हेक्टरी 4 लाख ठरवला. वाढ हेक्टरी 3 लाख, दोन हेक्टरची 6 लाख.

कंपनीच्या टिपेत हाच 6 लाखांचा आकडा असतो. पण कायदा तिथे थांबत नाही. सक्तीने जमीन घेतली म्हणून बाजारभावावर 30 टक्के दिलासा रक्कम, म्हणजे 1 लाख 80 हजार. शिवाय अधिसूचनेपासून निवाडा किंवा ताबा यांपैकी जे आधी असेल तिथपर्यंत वर्षाला 12 टक्क्यांची वेगळी भर. दोन वर्षांचे 1 लाख 44 हजार. बेरीज 9 लाख 24 हजार. या बेरजेवर कलम 28 चं व्याज. ताब्यानंतरच्या पहिल्या वर्षी 9 टक्के, त्यानंतर पैसे न्यायालयात भरेपर्यंत दरवर्षी 15 टक्के. सरळ व्याज आहे, पण वर्षं मोजा. दिलासा रकमेवर व्याज लागतं की नाही यावरही बरीच वर्षं भांडण चाललं होतं. सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये सुंदर विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात लागतं असं सांगून ते मिटवलं.

तर 31 मार्च 2016 ला, न्यायालयाचा निकाल आला त्या दिवशी, व्याज झालं होतं 13 लाख 30 हजार आणि एकूण देणं साडेबावीस लाख. कंपनीने अपील केलं. 31 मार्च 2024 ला अपील अजून प्रलंबित आहे आणि मधे काही भरलं नाही असं धरलं, तर व्याज 24 लाख 39 हजार आणि एकूण देणं 33 लाख 63 हजार. टिपेतला आकडा 2016 लाही 6 लाख होता, 2024 लाही 6 लाखच. खाली बारीक अक्षरात ‘व्याज वगळून’ असे दोन शब्द. असे 50 जमीनधारक आणि 100 हेक्टर धरले तर टिपेत दिसतात 3 कोटी, आणि हुकूमनाम्याप्रमाणे वाढलेलं देणं पावणेसतरा कोटींच्या वर असतं. ज्या देण्याचं चार-पंचमांशाहून जास्त अंग टिपेतही नाही, त्याला ‘आम्ही जाहीर केलंय’ म्हणणं मला जड जातं.

इथे लेखाधिकारी योग्य तो आक्षेप घेतात. “म्हणजे तुम्ही 33 लाख घ्यायला सांगता? अपिलात भाव कमी झाला तर?” होतो, कितीतरी वेळा होतो. खालच्या न्यायालयाने रस्त्यालगतच्या छोट्या प्लॉटचं खरेदीखत धरलं आणि त्यातून आतल्या शेताचा भाव काढताना पुरेशी वजावट केली नाही, ओलिताची म्हणून धरलेली जमीन पाहणीपत्रकात कोरडवाहू निघाली, असं काहीही सापडू शकतं. म्हणून हुकूमनामा जसाच्या तसा पुस्तकात उतरवा असं मी म्हणत नाही. मानक सर्वोत्तम अंदाज मागतं. आता हा अंदाज करायला कंपनीकडे जी सामग्री असते ती कोणत्याच वकिलाकडे नसते. गेल्या पंधरा-वीस वर्षांत तिने केलेल्या अशाच अपिलांचे निकाल तिच्याच कपाटात असतात. किती फेटाळली गेली, किती अपिलांत भाव घटला, सरासरी किती घटला, हे एक कारकून आठवड्याभरात काढून देईल.

समजा त्या कपाटातून दिसलं की अशा भागात उच्च न्यायालय 4 लाखांचा भाव साधारण 3 लाखांवर आणतं. मग वाढ हेक्टरी 2 लाखांची झाली. आमच्या 2 हेक्टरला 4 लाख वाढ, त्यावर दिलासा रक्कम, 12 टक्क्यांची भर आणि 2024 पर्यंतचं व्याज धरून 22 लाख 42 हजार. ही तरतूद. हुकूमनाम्याचे उरलेले 11 लाख 21 हजार हे खरोखर संभाव्य आहेत, त्यांची टीप द्या. एकच प्रकरण, त्याचा मोठा हिस्सा पुस्तकात आणि लहान हिस्सा टिपेत. ‘तरतूद की टीप’ असा एकच शेरा पूर्ण प्रकरणावर मारायची सवय लागल्यामुळे ही वाटणी कोणाला सुचत नाही.

प्रकरणं पन्नास असली तर अंदाज उलट सोपा होतो. एका दाव्यात काय होईल हे छातीठोक सांगता येत नाही, म्हणून तिथे सर्वांत संभवनीय निकाल धरतात. पण सारखीच प्रकरणं गठ्ठ्याने असतील तर इंड एएस 37 सरासरीच्या वाटेने जायला सांगतं. प्रत्येक शक्य निकालाला त्याच्या शक्यतेने गुणायचं आणि बेरीज करायची. वॉशिंग मशीन विकणारी कंपनी वॉरंटीची तरतूद अशीच करते. कोणतं मशीन बिघडेल ते तिला माहीत नसतं, पण शंभरात किती बिघडतील ते माहीत असतं.

वकिलांच्या पत्राबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत. लेखापरीक्षणाच्या मानकाप्रमाणे, एसए 501 प्रमाणे, दाव्यांत महत्त्वाच्या चुकीचा धोका दिसला तर आम्ही कंपनीच्या वकिलांशी थेट पत्रव्यवहार करतो. उत्तर बहुधा तीन ओळींचं येतं. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, गुणवत्तेवर आपली बाजू भक्कम आहे, निकाल अनुकूल लागण्याची आशा आहे. आपण हरू असं लेखी देणारा वकील मी अजून पाहिलेला नाही, आणि त्याने ते द्यावं अशी माझी अपेक्षाही नाही. ज्याचं वकीलपत्र घेतलं त्याच्या विरुद्धचं मत लिहून ठेवणं त्याच्या धंद्यात बसत नाही. चूक आमची आहे. आम्ही विचारतो ‘बाजू कशी आहे?’ विचारायला हवं होतं ते असं: याच अधिसूचनेतल्या दुसऱ्या कोणत्या अपिलाचा निकाल लागला का, लागला असेल तर भाव किती ठरला, स्थगिती देताना न्यायालयाने किती रक्कम भरायला सांगितली, ती भरली का. या प्रश्नांना आशेने उत्तर देता येत नाही. आकडा किंवा तारीखच लिहावी लागते.

त्यातला स्थगितीचा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण त्याचं उत्तर कंपनीच्या ताळेबंदातच सापडतं. पैशाच्या हुकूमनाम्याला अपिलात स्थगिती हवी असेल तर न्यायालय सहसा बरीचशी रक्कम भरायला लावतं. ती भरली की कंपनी ती कुठे दाखवते? मालमत्तेच्या बाजूला, ‘न्यायालयात जमा रकमा’ या नावाने. म्हणजे गंमत पाहा. पैसे हातून गेले आहेत. शेतकऱ्याने हमी देऊन त्यातले काही उचललेही असतील, मुलीचं लग्न केलं असेल किंवा विहीर खोदली असेल. आणि कंपनीच्या पुस्तकात मात्र ती अजून कंपनीची मालमत्ता आहे, समोरच्या बाजूला देणं शून्य. कोणत्याही सरकारी कंपनीचा वार्षिक अहवाल हातात आला तर दोन आकडे शेजारी ठेवून पाहा, न्यायालयात जमा रकमा आणि खटल्यांची तरतूद. पहिला दरवर्षी फुगतोय आणि दुसरा जागचा हलत नाही असं दिसलं, तर त्या कार्यालयातही शेऱ्याच्या रकान्यात ‘-”-’ लिहिलेलं असणार, असं समजायला हरकत नाही. या भरण्याचा एक खरा फायदाही आहे. भरलेल्या रकमेपुरतं 15 टक्के व्याज तिथे थांबतं. पण तेही हिशोबात दिसायला हवं असेल तर आधी व्याज हिशोबात असायला हवं.

इथपर्यंत मी निकाल लागलेल्या दाव्यांबद्दल बोललो. याहून अवघड आहेत ते न केलेले दावे. जुन्या कायद्यात 28-अ नावाचं कलम होतं. एकाच अधिसूचनेतल्या एकाने न्यायालयात जाऊन भाव वाढवून आणला, तर जे गेलेच नव्हते तेही त्या निकालापासून तीन महिन्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे साधा लेखी अर्ज करून तसाच फेरमोबदला मागू शकतात. ज्यांना कोर्टाची पायरी परवडत नव्हती त्यांच्यासाठी ही सोय होती. 2013 च्या नव्या कायद्यातही तसंच कलम आहे. अपिलाचा निकाल येईपर्यंत हे अर्ज बहुधा तसेच पडून राहतात. आमच्या उदाहरणात 50 जण न्यायालयात गेले आणि त्यांच्यामागे आणखी 30 जणांनी असा अर्ज केला, तर ते 30 अर्ज कंपनीच्या यादीत नसतात. यादी विधी विभाग बनवतो, त्याच्याकडे प्रकरण क्रमांक असेल तेच त्याला दिसतं. अर्ज पडलेले असतात जिल्हाधिकारी कार्यालयात, भूसंपादन शाखेत. लेखामानकाला मात्र दावा दाखल झाला का याच्याशी देणंघेणं नाही. बंधन आहे का, आणि पैसे जातील असं वाटतं का, एवढंच ते विचारतं. अर्ज मुदतीत आला असेल तर त्याचं नशीब शेजाऱ्याच्या अपिलाला बांधलेलं आहे, आणि शेजाऱ्याची तरतूद करायची असेल तर याचीही करावी लागेल.

आता विरुद्ध बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा. “आम्ही पुस्तकात 22 लाख लिहिले की उद्या समोरचा वकील तोच ताळेबंद न्यायालयात दाखवेल आणि म्हणेल, हे बघा, यांनी कबूल केलंय.” ही भीती पोकळ नाही. ताळेबंदातली कर्जाची नोंद ही मुदतीच्या कायद्याखाली देण्याची कबुली ठरू शकते, असं आपल्या न्यायालयांनी म्हटलेलं आहे. पण त्या निकालांमध्येही ताळेबंदासोबत लिहिलेलं खुलाशाचं वाक्य वाचलं जातं, आणि ‘रक्कम विवादित आहे, कंपनी अपिलात लढते आहे, हा केवळ लेखामानकाप्रमाणे केलेला अंदाज आहे’ असं वाक्य तरतुदीखाली लिहायला कोणी अडवलेलं नाही. शिवाय मानकानेच या भीतीला जागा ठेवली आहे. तपशील उघड केल्याने वादात कंपनीचं गंभीर नुकसान होईल अशा अत्यंत विरळ वेळी ते तपशील गाळता येतात. वादाचं सर्वसाधारण स्वरूप आणि तपशील का गाळले याचं कारण तेवढं सांगावं लागतं. लक्षात घ्या, ही सवलत तपशील न सांगण्याची आहे, तरतूद न करण्याची नाही. आणि तरतुदी एकेका शेतकऱ्याच्या नावाने छापायच्या नसतातच. ‘भूसंपादनाचा वाढीव मोबदला’ असा एक वर्ग आणि त्याची एक एकूण रक्कम. त्यातून कोणत्या गावाचा कोणता भाव धरला हे समोरच्या वकिलाला कसं कळणार? शेवटी, त्याच्या हातात न्यायालयाचा 4 लाखांचा हुकूमनामा आहेच. त्याला तुमच्या 3 लाखांच्या ताळेबंदाचा उपयोग काय?

मला यापेक्षा खरं कारण वेगळं वाटतं, आणि ते कुणी बैठकीत बोलत नाही. तरतूद केली की नफा कमी दिसतो. तोही सगळा नाही. वाढीव मोबदला, दिलासा रक्कम आणि 12 टक्क्यांची भर हा जमिनीचाच खर्च आहे, तो जमिनीच्या किमतीत जातो, नफ्याला हात लागत नाही. नफ्याला चावतं ते व्याज, प्रकल्प सुरू झाल्यानंतरच्या वर्षांचं. आणि आमच्या हिशोबात पाहिलंत तसं व्याज मुद्दलाच्या अडीचपट झालेलं असतं. दहा वर्षं न घेतलेलं व्याज एकदम घ्यायचं तर दुसरा पेच येतो. हे या वर्षीच्या अंदाजातला बदल म्हणून दाखवायचं, की मागच्या वर्षांची चूक म्हणून? 2016 चा हुकूमनामा 2016 लाच टेबलावर असेल आणि तेव्हा त्याच्याकडे पाहिलंच नसेल, तर ती चूक आहे, अंदाजातला बदल नाही, आणि इंड एएसमध्ये मागचे आकडे सुधारावे लागतात. मग प्रश्न येतो, मागच्या ताळेबंदांवर सह्या कोणाच्या होत्या. कूलर कितीही चांगला चालत असला तरी इथे सगळ्यांना घाम फुटतो. त्या सह्यांमध्ये आमच्या धंद्यातल्या लोकांच्याही असतात, हे लपवण्यात अर्थ नाही. कंपनीने प्रलंबित खटल्यांचा आर्थिक परिणाम जाहीर केला आहे का, हे कंपनीच्या लेखापरीक्षकाला आपल्या अहवालात स्वतंत्रपणे लिहावं लागतं. ‘टीप क्रमांक अमुक पाहा’ असं लिहून आम्ही ती जागा भरतो.

न्याय करायचा तर उलट प्रकारही सांगायला हवा. खाजगी कंपन्यांत मी बरोबर याच्या विरुद्ध वागणारेही पाहिले आहेत. नफा भरपूर झालेल्या वर्षी कुठल्यातरी फुटकळ दाव्याची घसघशीत तरतूद करायची आणि पुढच्या कडक वर्षी ‘आता गरज उरली नाही’ म्हणून ती परत नफ्यात ओढायची. मानकाला हेही चालत नाही. निम्म्यापेक्षा कमी शक्यतेच्या दाव्याची तरतूद ही सावधगिरी नाही, तोही चुकीचाच ताळेबंद आहे. म्हणून प्रत्येक ताळेबंदाच्या तारखेला प्रत्येक प्रकरण नव्याने उघडून पाहायचं असतं, आणि हिशोब मंजूर होण्याआधी, म्हणजे जून-जुलैमध्ये जरी अपिलाचा निकाल आला, तरी 31 मार्चचा आकडा त्याप्रमाणे सुधारायचा असतो. मार्चला निकाल नव्हता ही सबब तिथे चालत नाही, कारण जमीन मार्चच्या आधीच घेतलेली होती.

हे सगळं नुसत्या कंपन्यांच्या पुस्तकांपुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. पण ज्या देण्याची तरतूद नाही त्यासाठी कोणी पैसे मागत नाही आणि ज्यासाठी मागितले नाहीत ते अंदाजपत्रकात येत नाहीत. मग एक दिवस अपील फेटाळलं जातं, शेतकरी हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी दरखास्त दाखल करतो, बेलिफ कार्यालयात येतो आणि साहेबांच्या गाडीच्या, खुर्च्यांच्या, संगणकांच्या जप्तीची बातमी आपण सकाळच्या चहाबरोबर वाचतो. वाचताना आपल्याला वाटतं, हे अचानक कसं झालं. त्या कार्यालयाच्या ताळेबंदात गेली आठ-दहा वर्षं ते 3 कोटी ‘व्याज वगळून’ म्हणून छापलेले असतात.

त्या मे महिन्यात आम्ही शेवटी काय केलं तेही सांगतो. तरतूद झाली, पण पूर्ण नाही. ज्या अधिसूचनांत उच्च न्यायालयाने किमान एका अपिलात भाव ठरवून दिला होता तेवढ्याच प्रकरणांची झाली. बाकीची टिपेतच राहिली, मात्र या वेळी व्याज धरून. त्यावर लेखाधिकाऱ्यांचं आणि माझं तीन दिवस वाजलं, आणि मला अजूनही ती मर्यादा पटलेली नाही. निघताना त्यांनी यादीचा नवा नमुना दाखवला. त्यात ताब्याची तारीख, भरलेली रक्कम आणि 31 मार्चपर्यंतचं व्याज असे तीन रकाने वाढवले होते. ताब्याच्या तारखेचा रकाना अर्ध्याहून जास्त रिकामा होता. ती तारीख मूळ भूसंपादनाच्या फायलीत आहे, म्हणाले, आणि त्या फायली जुन्या रेकॉर्ड रूममध्ये, पावसाळ्याआधी कोणाला तरी पाठवतो.